तेल उरावं, सोडा संपावा

पाचशे ग्रॅम खोबरेल तेल आणि ८५ ग्रॅम कॉस्टिक सोडा. घरी साबण करणाऱ्यांच्या वहीत अशा मापाचा एखादा घाणा हमखास सापडतो. दोन्ही एकत्र घोटून साबण झाला, की आधी काय संपलेलं असेल? आणि दुसरं किती उरलेलं असेल?

अकरावीच्या रसायनशास्त्रात हाच प्रश्न ‘लिमिटिंग रिएजंट’ या नावाने येतो. जो पदार्थ आधी संपतो आणि त्यामुळे अभिक्रिया थांबवतो, तो लिमिटिंग रिएजंट, दुसरा जास्तीचा. पुस्तकात बहुतेकदा नायट्रोजन आणि हायड्रोजनचं उदाहरण असतं. उत्तर काढून झालं, की उरलेल्या हायड्रोजनचं पुढे काय होतं याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. साबणात मात्र तसं नाही. तेल उरलं तर साबण अंगाला मऊ लागतो. सोडा उरला तर तो कातडी जाळतो. म्हणून इथे ‘काय उरलं’ हा प्रश्न ‘साबण किती झाला’ यापेक्षा मोठा आहे.

आधी दोन्ही पदार्थ जवळून पाहू. कुठल्याही खाद्यतेलाचा रेणू हा तीन पायांच्या तिवईसारखा असतो. वरची फळी म्हणजे ग्लिसरीन आणि तिला जोडलेले तीन पाय म्हणजे तीन मेदाम्लं. तेल आणि चरबी यांची घडण अशी आहे हे फ्रान्सच्या मिशेल शेव्ह्रोल यांनी शोधून काढलं, आणि १८२३ साली त्यावर ग्रंथही लिहिला. कॉस्टिक सोड्याचा एक रेणू एक पाय सोडवतो. सुटलेला पाय सोडियमला जाऊन चिकटतो, तोच साबण. तीनही पाय सुटले की फळी म्हणजे ग्लिसरीन मोकळं होतं. थोडक्यात तेलाच्या एका रेणूला सोड्याचे तीन रेणू लागतात आणि त्यातून साबणाचे तीन रेणू व ग्लिसरीनचा एक रेणू तयार होतो. हा एकास तीनचा हिशेब पुढे सगळीकडे लागणार आहे.

आता आपला घाणा. नुसती वजनं पाहणारा माणूस म्हणेल, ८५ ग्रॅम कुठे आणि ५०० ग्रॅम कुठे, सोडाच आधी संपणार. उत्तर योगायोगाने बरोबर आहे, पण ज्या कारणाने दिलंय ते चूक आहे. अभिक्रिया वजनाला ओळखत नाही, ती रेणूंना ओळखते. सोड्याचा रेणू लहान, तेलाचा प्रचंड मोठा. तेव्हा वजन बाजूला ठेवून रेणू मोजायला हवेत, आणि रेणू मोजण्याचं माप म्हणजे मोल.

सोड्याचं सोपं आहे. NaOH चं रेणुवस्तुमान ४०, म्हणजे ४० ग्रॅमचा एक मोल. ८५ ला ४० ने भागलं की २.१२५ मोल.

तेलाशी मात्र गाडी अडते, कारण खोबरेल तेल हा एक पदार्थ नाही. त्यात निरनिराळी मेदाम्लं मिसळलेली असतात. सगळ्यात मोठा वाटा, साधारण निम्मा, लॉरिक आम्लाचा. बाकी मिरिस्टिक, पामिटिक, कॅप्रिलिक वगैरे. मग त्याचं रेणुवस्तुमान कुठून आणायचं? ही अडचण १८७९ साली योजेफ कॉट्‌स्टोर्फर या रसायनतज्ज्ञाने सोडवली. त्याला साबण करायचा नव्हता, लोण्यातली भेसळ पकडायची होती. एक ग्रॅम मेदाचं पूर्ण साबणीकरण व्हायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतं हे मोजायची पद्धत त्याने बसवली. लोण्यात लहान मेदाम्लं बरीच असतात, त्यामुळे त्याला पोटॅश जास्त लागतं. गुरांची चरबी मिसळली की आकडा खाली येतो. या आकड्याला साबणीकरण मूल्य म्हणतात आणि आजही तेलांच्या तपासणीत तो पाहिला जातो.

खोबरेल तेलाचं हे मूल्य साधारण २५० ते २६४ च्या दरम्यान असतं. आपण २५७ धरू. म्हणजे एक ग्रॅम तेलाला ०.२५७ ग्रॅम पोटॅश. पोटॅशचा एक मोल ५६.१ ग्रॅमचा, आणि तेलाच्या एका मोलला तीन मोल, म्हणजे १६८.३ ग्रॅम पोटॅश लागतं. १६८.३ ला ०.२५७ ने भागलं की ६५५ येतात. खोबरेल तेलाच्या ‘सरासरी’ रेणूचा एक मोल ६५५ ग्रॅमचा. प्रत्यक्षात असा एकच एक रेणू बाटलीत नसतो, पण हिशेबाला तो पुरतो.

५०० ला ६५५ ने भागा: तेल ०.७६३ मोल.

इथे दुसरा चकवा आहे आणि परीक्षेत बहुतेक मुलं यातच सापडतात. सोडा २.१२५ मोल, तेल ०.७६३ मोल. मोल कमी कुणाचे? तेलाचे. मग तेल आधी संपणार? नाही. तेलाच्या एका मोलमागे सोड्याचे तीन मोल खर्ची पडतात, तेव्हा सोड्याचे मोल आधी तीनने भागायला हवेत. २.१२५ भागिले ३ म्हणजे ०.७०८. आता दोन्ही आकडे एकाच पातळीवर आले. सोडा ०.७०८ मोल तेलाला पुरेल एवढा आहे आणि तेल आहे ०.७६३ मोल. सोडा आधी संपणार.

एकच घाणा, पण वजनं पाहिली तर सोडा कमी, मोल पाहिले तर तेल कमी, आणि समीकरणातल्या वाट्याने भागून पाहिलं तर पुन्हा सोडा कमी. यातली तिसरी तुलनाच खरी. पहिल्या दोन्हींनी कधी बरोबर उत्तर आलं तर ते नशिबाने.

पुढचं काम वजाबाकीचं. सोड्याने ०.७०८ मोल तेल संपवलं. त्याचं वजन ०.७०८ गुणिले ६५५, म्हणजे ४६४ ग्रॅम. घेतलं होतं ५००, तेव्हा उरलं ३६ ग्रॅम. वजाबाकी नेहमी त्याच पदार्थाच्या दोन आकड्यांची करायची: घेतलेलं तेल वजा लागलेलं तेल. ५०० मधून ८५ वजा करून ४१५ ग्रॅम उरले असं लिहिणारी उत्तरं दरवर्षी असतात. तसं उत्तर आलं तर पडताळणीतच ते उघडं पडतं. ०.७०८ मोल ग्लिसरीन म्हणजे ६५ ग्रॅम. साबण किती? संपलेल्या तेलात सोडा मिळवून ग्लिसरीन वजा करा: ४६४ अधिक ८५ वजा ६५, म्हणजे ४८४ ग्रॅम. आता साबण ४८४, ग्लिसरीन ६५, उरलेलं तेल ३६: बेरीज ५८५. सुरुवातीला ५०० आणि ८५ मिळून ५८५ च होते. साबणाचं वजन स्वतंत्रपणे, म्हणजे साबणाच्या सरासरी रेणूवरून काढलं तर ही पडताळणी आणखी पक्की होते, पण घरच्या वहीला एवढं पुरे.

५०० तल्या ३६ ग्रॅमचे साधारण सात टक्के होतात. साबण करणारे याला ‘सुपरफॅट’ म्हणतात आणि पाच ते आठ टक्के सुपरफॅट मुद्दाम ठेवतात. म्हणजे इथे लिमिटिंग रिएजंट कोण हे शोधलं जात नाही, ते ठरवलं जातं. आधी पूर्ण तेलाला लागणारा सोडा काढायचा: ०.७६३ गुणिले ३ गुणिले ४०, म्हणजे ९१.६ ग्रॅम. मग त्यातून सातेक टक्के कमी करायचा. ८५ चा आकडा वहीत आला तो असा.

हा ९१.६ ग्रॅमचा आकडा म्हणजे या घाण्याची सीमारेषा आहे. सोडा त्याच्या अलीकडे असेल तर तेल उरतं, पलीकडे गेला तर सोडा उरतो. पाच ग्रॅमच्या फरकाने वजन दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८५ मोजायला गेलात आणि प्रत्यक्षात ९० पडले, तर तेल अजून नऊ ग्रॅम उरतं, म्हणजे निभावतं. ९५ पडले तर तेल पूर्ण संपून साडेतीन ग्रॅम सोडा वडीत अडकून राहतो. तेल मोजताना पाच ग्रॅम इकडे तिकडे झाले तर काही बिघडत नाही. सोडा मोजायला मात्र एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवाच.

खरी गंमत तेल बदललं की होते. समजा एखाद्याला खोबरेल महाग वाटलं आणि त्याने तीच वही उघडून शेंगदाण्याचं तेल घेतलं. तेल ५००, सोडा ८५, वजनं तीच. शेंगदाणा तेलाचं साबणीकरण मूल्य १९० च्या आसपास असतं, कारण त्यातली मेदाम्लं लांब असतात. खोबरेलातल्या लॉरिक आम्लात कार्बनचे १२ अणू, तर शेंगदाण्यातल्या ओलेइक आणि लिनोलेइकमध्ये १८. रेणू मोठा, म्हणून तेवढ्याच वजनात रेणू कमी. १६८.३ भागिले ०.१९० म्हणजे ८८६ ग्रॅमचा एक मोल. ५०० ग्रॅम तेल मग ०.५६४ मोलच भरतं. सोडा अजूनही ०.७०८ मोल तेलाला पुरण्याइतका. आता आधी संपणार तेल!

त्या तेलाला सोडा लागणार ०.५६४ गुणिले ३ गुणिले ४०, म्हणजे ६७.७ ग्रॅम. घेतलेल्या ८५ मधून तो वजा केला की १७.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा उरतो. सोडा विरघळवायला १७० ग्रॅम पाणी घेतलं असेल तर अख्खा घाणा ७५५ ग्रॅमचा, आणि त्यात दोन टक्क्यांहून जास्त मोकळा सोडा. असा साबण अंगाला लावायचा नाहीच, भांडी घासतानाही हात भाजतील. दोन्ही वजनं तीच असताना लिमिटिंग रिएजंट उलटला, तो केवळ रेणूचा आकार बदलल्यामुळे. साबणाच्या कृती इकडून तिकडे फिरतात तेव्हा ‘कुठलंही तेल चालेल’ असं एक वाक्य त्यांच्याबरोबर फिरतं. ते वाक्य घातक आहे.

आणखी एक घोळ तक्त्यांतून होतो. साबणीकरण मूल्य पोटॅशमध्ये दिलेलं असतं आणि आपण घेतो सोडा. २५७ वरून थेट ५०० ग्रॅम तेलाला १२८.५ ग्रॅम सोडा मोजला तर लागणाऱ्या ९१.६ पेक्षा तो ३७ ग्रॅमने जास्त होतो. पोटॅशच्या आकड्याला आधी ५६.१ ने भागून ४० ने गुणायचं, म्हणजे ढोबळमानाने त्याचे ७१ टक्के घ्यायचे. काही तक्ते हा बदल आधीच करून देतात, काही देत नाहीत. खोबरेलासमोर ०.१८३ लिहिलं असेल तर तो आकडा सोड्याचा, ०.२५७ असेल तर पोटॅशचा.

आता हिशेब बरोबर असूनही उत्तर का चुकतं ते पाहू. पहिलं कारण सोडा स्वतः. पावसाळ्यात डबा नीट बंद केला नाही तर सोड्याचे पापुद्रे हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्यांचा काही भाग धुण्याचा सोडा होतो. काट्यावर ८५ दिसतात, पण कामाचा सोडा ९५ टक्केच असेल तर तो ८०.७५ ग्रॅम भरतो. तो ४४१ ग्रॅम तेल संपवेल आणि ५९ ग्रॅम उरेल. साबण मऊ पडेल, पण कुणाला इजा होणार नाही. दुसरं कारण तेल. त्याचं मूल्य प्रत्यक्षात २५७ ऐवजी २५० असलं तर ८५ ग्रॅम सोड्यानंतर २३ ग्रॅम तेल उरतं. २६४ असलं तर ४८ ग्रॅम. दोन्हीकडे उरतं तेलच. सात टक्क्यांची ती मोकळीक कातडीला मऊ वाटावं म्हणून जेवढी आहे, तेवढीच ती या अनिश्चिततेला पोटात घालण्यासाठी आहे. हिशेबाने ‘३६ ग्रॅम’ सांगितले तरी खरी गोष्ट ‘वीस ते साठ ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी’ अशी असते.

शिवाय हे उरलेलं ३६ ग्रॅम सगळं अखंड तेल असतं असंही नाही. तीन पाय एकदम सुटत नाहीत, एकेक करून सुटतात. सोडा कमी पडला की काही रेणूंचा एकच पाय सुटलेला राहतो, काहींचे दोन. वजनाचा हिशेब साधारण जमतो, पण वडीत जे उरतं ते अख्ख्या आणि अर्धवट सुटलेल्या रेणूंचं मिश्रण असतं. दोन तेलं घातली असतील तर त्यातलं ‘महागाचंच तेल शेवटी उरावं’ अशी सोयही त्यात नसते, निदान थंड पद्धतीच्या साबणात तरी.

करायला बसलात तर कृती फार मोठी नाही. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. द्रावण उकळायच्या बेताला येईल एवढं तापतं आणि शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे. भांडं स्टीलचं, कारण अॅल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. द्रावण निवलं की तेलात ओतून घोटायचं. थोड्या वेळाने मिश्रण दाटतं, वरून ओघळ सोडला तर त्याची रेघ क्षणभर पृष्ठभागावर टिकते. साबणवाले याला ‘ट्रेस’ आली म्हणतात. मग साच्यात ओतून दिवस-दोन दिवस ठेवायचं. अभिक्रिया तोपर्यंत चालूच असते, त्यामुळे काय उरलं याची परीक्षा त्याआधी घेण्यात अर्थ नाही.

परीक्षा कशी घ्यायची? हळदीने नाही. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. चांगल्या साबणाचं पाणीही अल्कधर्मी असतं, त्यामुळे हळद चांगल्या-वाईटात भेद करू शकत नाही. पीएचच्या कागदाचीही तीच मर्यादा. साबणाचा कीस अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकतात, कारण अल्कोहोलमध्ये साबण स्वतःचा अल्कधर्म फारसा दाखवत नाही. गुलाबी रंग आला तर सोडा मोकळा आहे. तेल जास्त उरल्याची खूण वेगळी: वडी बोटाला तुपकट लागते, फेस कमी येतो, आणि काही महिन्यांनी तिच्यावर नारिंगी ठिपके पडून खवट वास येऊ लागतो. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई यांच्या तेलात हे लवकर होतं. खोबरेल बराच काळ तग धरतं.

मोठ्या कारखान्यांतल्या जुन्या उकळत्या पद्धतीत नेमकं उलटं करतात. तिथे सोडा मुद्दाम जास्त घालतात, म्हणजे तेल हा लिमिटिंग रिएजंट होतो आणि त्याचा कणही वाया जात नाही. मग कढईत मीठ घालतात. खारट पाण्यात साबण विरघळत नाही, तो वर तरंगतो, आणि खालच्या पाण्यात जास्तीचा सोडा व ग्लिसरीन निघून जातं. ते पाणी काढून घेऊन त्यातून ग्लिसरीन वेगळं काढतात. घरच्या साच्यात ओतलेल्या साबणातून काहीच बाहेर काढता येत नाही, जे उरेल ते वडीतच राहतं. म्हणून कारखान्यात उरायचा मान सोड्याला आणि घरी तेलाला.